जाळीतून येणारं ऊन एआयच्या चित्रात खरं कसं पडेल?

नागपुरात नवा बंगला बांधायला काढला की एलिव्हेशनच्या गप्पांत जाळीचा विषय आता हमखास निघतो. लेझरने कापलेला लोखंडी पत्रा, सिमेंटची जाळी किंवा विटांची जाळी, यांपैकी एक तरी दर्शनी भागाला हवीच असते. वारा येतो, ऊन अडतं, रस्त्यावरून घरातलं दिसत नाही. बेसा असो की मनीषनगर, घरमालकाच्या मोबाइलवर आधी एक चित्र येतं आणि हल्ली ते चित्र बहुधा एआयने काढलेलं असतं. मागची खोली, जमिनीवर पसरलेली जाळीची नक्षी, कोपऱ्यात एक वेताची खुर्ची. मालक म्हणतात, "बस, असंच पाहिजे."

अशी चित्रं जरा निरखून पाहिली तर गोंधळ दिसतो. जाळीला षटकोनी छिद्रं आहेत आणि जमिनीवर मात्र फुलांची नक्षी पडली आहे. कवडसे एकाच वेळी फरशीवर, सोफ्यावर आणि छतावरही आहेत. बाहेरचं ऊन डावीकडून येतं, खुर्चीची सावलीही डावीकडेच पडते. चित्र सुंदर असतं, पण अशी खोली पृथ्वीवर कुठे बांधता येणार नाही. जाळीचं छिद्र किती ठेवायचं, पत्रा किती जाड घ्यायचा, हे लोक त्याच चित्राकडे बघून ठरवतात, म्हणून ही चूक नुसत्या चित्रापुरती राहत नाही.

हे चित्र बरोबर यावं म्हणून एआयला काय सांगायचं, ते आपण एका खोलीच्या उदाहरणावरून पाहू. एआयला लिहून दिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवला की पुरे.

## एआयला ऊन कळत नाही का?

नाही. नाटकाचे पडदे रंगवणारा कलाकार आठवा. त्याने हजार पडद्यांवर झाडं, कमानी, ऊन, सावल्या पाहिलेल्या असतात. कमानीखाली सावली हवी हे त्याला माहीत असतं, म्हणून तो ती रंगवतो. सूर्य कुठे आहे आणि सावली किती फुटांवर पडेल याचं गणित तो करत नाही, कारण प्रेक्षकाला ते लागत नाही. चित्र काढणारं एआय तसंच चालतं. जाळीच्या लाखो छायाचित्रांवरून जाळीजवळ उजेडाचे ठिपके असतात एवढं ते शिकलेलं असतं. कोणत्या छिद्रातून कोणता ठिपका आला, हा प्रश्न त्याच्यासमोर कधी येतच नाही.

थ्रीडीच्या सॉफ्टवेअरचं काम वेगळ्या पद्धतीने होतं. तिथे खोली खरोखर मापाने उभी केलेली असते आणि प्रकाशाची प्रत्येक रेघ हिशोबाने काढली जाते. एआयपाशी खोली नसतेच, सपाट चित्र तेवढं असतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी एआयची चित्रं फक्त सावल्या आणि रेषांच्या भूमितीवरून तपासली, तेव्हा एवढ्यावरूनही ती खऱ्या छायाचित्रांपासून वेगळी ओळखता आली. साधी खुर्ची आणि तिची सावली यांतही एआय चुकत असेल, तर शंभर छिद्रांचे शंभर कवडसे त्याच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नाही.

म्हणून गणित आपण करायचं आणि एआयला फक्त त्याचं उत्तर सांगायचं. गणितही शाळेतलंच आहे.

## आधी दिशा, तारीख आणि वेळ ठरवा

"सकाळचं कोवळं ऊन" असं लिहिलं की एआय मनाला येईल तिथे सूर्य टांगतं. नागपूरचं अक्षवृत्त सुमारे २१.१५ अंश उत्तर आहे. २१ डिसेंबरला इथे सूर्य डोक्यावर येत नाही, तर भर दुपारी दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. घड्याळात तेव्हा साधारण १२ वाजून १२ मिनिटं झालेली असतात, कारण आपलं घड्याळ नागपूरच्या पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे.

४५ अंश ही हिशोबाला फार सोयीची उंची आहे. छिद्र जमिनीपासून जितकं वर, तितकाच त्याचा कवडसा भिंतीपासून आत पडतो. आपली खोली चार मीटर खोल धरू. दक्षिणेची संपूर्ण भिंत म्हणजे पातळ पत्र्याची जाळी, तिला दहा सेंटीमीटर व्यासाची गोल छिद्रं, सगळ्यांत खालची ओळ जमिनीलगत आणि सगळ्यांत वरची जमिनीपासून दोन मीटरवर. मग वरच्या ओळीचे कवडसे बरोबर दोन मीटर आत, म्हणजे खोलीच्या मध्यावर पडतील. त्याच्या पलीकडे थेट ऊन नाही. मागच्या भिंतीला टेकवलेला सोफा कोरडाच राहणार, आणि बाजूच्या भिंतीही, कारण सूर्य तेव्हा अगदी समोर दक्षिणेला असतो.

याच उंचीवर आणखी एक गंमत होते. गोल छिद्राचा कवडसा जमिनीवर जवळपास गोलच पडतो, ना लांबट होत ना चपटा. पण नक्षी उलटी पडते. खोलीत उभं राहून जाळीकडे पाहिलं तर तळची ओळ भिंतीजवळ आणि वरची ओळ आपल्या पायांकडे येते, डावं-उजवं मात्र बदलत नाही. जाळीवर मोर किंवा कमळ कापलं असेल, तर फरशीवर ते डोकं खाली करून पडलेलं दिसायला हवं. एआय ते बहुतेक वेळा सरळ काढतं.

आता जाळीपासून एक मीटर आत चाळीस सेंटीमीटर उंचीचं टेबल ठेवा. टेबलाच्या जाळीकडच्या काठावर पडणारा कवडसा एक मीटर चाळीस सेंटीमीटर उंचीवरच्या छिद्रातून येतो. टेबल नसतं तर तो आणखी चाळीस सेंटीमीटर आत जमिनीवर पडला असता. म्हणून टेबलामागच्या पट्ट्यात कवडसे नसतात, तिथे टेबलाची सावली असते. अख्खी फरशी सारख्या ठिपक्यांनी भरलेली दिसली, तर टेबलाचा विचार कुणी केलेला नाही.

## धारदार नक्षी कुठवर पोचते?

सूर्य म्हणजे एक टिंब नाही. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून कुठल्याही सावलीची कड पूर्ण धारदार नसते. कड किती पुसट होईल, याचा अंदाज सोपा आहे: छिद्रापासून कवडशापर्यंतचं अंतर भागिले साधारण १०८. आपल्या खोलीत सगळ्यांत वरच्या छिद्राची किरणं तिरपी जाऊन जमिनीवर पोचेपर्यंत पावणेतीन मीटरच्या थोडं वर अंतर कापतात. पुसटपणा अडीच सेंटीमीटरच्या आसपास होतो. दहा सेंटीमीटरच्या छिद्राला हे चालून जातं, आकार ओळखू येतो. दोन सेंटीमीटरचं चांदणीच्या आकाराचं छिद्र असेल, तर त्याच अंतरावर चांदणी विरघळते आणि किंचित लांबट पिवळसर ठिपका उरतो. तो ठिपका म्हणजे सूर्याचंच चित्र असतं.

यावरून दोन गोष्टी ठरतात. खरी धार जाळीच्या पायथ्याशी असते आणि आत जावं तशी ती कमी होत जाते. सगळ्या ओळी सारख्याच करकरीत दिसणारं चित्र खोटं. आणि बारीक नक्षीची जाळी निवडली असेल, तर खोलीच्या मध्यावर तिची स्पष्ट नक्षी पडलेली दाखवूच नये.

दुसरी अडचण जाडीची. तीन मिलिमीटरचा पत्रा असेल तर विचार करायला नको. पण साडेचार इंची विटांच्या जाळीत ४५ अंशांवरून येणारं किरण छिद्रात शिरल्यावर साडेचार इंच खाली उतरतं, तेव्हा कुठे पलीकडे निघतं. छिद्र चार इंच उंच असेल तर ते आतच अडतं. थेट ऊन खोलीत येतच नाही, फक्त मऊ उजेड येतो. जुन्या दगडी जाळ्यांची थंडाई याच हिशोबाची आहे. तेव्हा विटांची जाळी, भर दुपार आणि जमिनीवर धारदार नक्षी, ही तिन्ही एका चित्रात मागितली तर एआय नाही म्हणणार नाही, गुपचूप खोटं काढून देईल.

## मग प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं?

बरेच जण लिहितात ते असं: सुंदर नक्षीदार जाळी, नाट्यमय सावल्या, सोनेरी प्रकाश, अतिशय वास्तववादी. यातल्या एकाही शब्दात जागा सांगितलेली नाही. "सोनेरी" म्हटलं की एआय संध्याकाळचा खाली उतरलेला सूर्य आणतं, "नाट्यमय" म्हटलं की धूर आणि प्रकाशाचे झोत. त्याऐवजी कॅमेरा कुठे, जाळी कुठे, सूर्य कुठे आणि कवडसे कुठून कुठपर्यंत, या क्रमाने साधी विधानं लिहावीत. बहुतेक साधनांना इंग्रजी जास्त नीट कळतं, म्हणून नमुना इंग्रजीत देतो. खोली वरच्या उदाहरणातलीच आहे.

```
Interior photo, camera at eye height near the back wall,
facing the opposite wall straight on. That whole wall is
a thin flat metal screen with evenly spaced round holes.
Hard direct winter sun, clear sky, sun high outside
behind the screen. Each hole throws one bright round spot
on the plain grey floor. Rows of spots begin at the foot
of the screen and stop halfway across the room. Spots are
crisp near the screen, softer further in. The near half
of the floor, side walls and ceiling are in even shade.
```

यात "सावली" मागितलेली नाही, उजेडाचे ठिपके मागितले आहेत, हे मुद्दाम केलं आहे. छिद्रातून उजेड पडतो आणि पत्र्याची सावली पडते. "जाळीची नक्षीदार सावली" असं म्हटलं की एआय कित्येकदा उजळ फरशीवर काळे गोल काढतं, म्हणजे नेमकं उलटं.

जमीन साधी राखाडी मागण्यालाही कारण आहे. नक्षीच्या टाइल्स मागितल्या तर एआय कवडसे आणि टाइल्सची नक्षी यांची खिचडी करतं. फरशी नंतर बदलता येते. आणि नको असलेल्या गोष्टी प्रॉम्प्टमध्ये "नो लॅम्प" अशा लिहू नयेत. अनेक साधनं "नो" गाळून दिवा तेवढा घेतात. नकोशा गोष्टींसाठी `Negative prompt` असा वेगळा रकाना असेल, तर तिथे दिवा, दुसरी खिडकी, धुकं आणि मऊ प्रकाश हे शब्द टाकावेत.

एवढं करून कवडसे योग्य बाजूला, योग्य भागात पडू लागतात. पण प्रत्येक छिद्राला एक कवडसा, हे मात्र नुसत्या शब्दांनी जमत नाही. माझ्या मते त्याच्या मागे लागून प्रॉम्प्ट लांबवत बसणं वेळ घालवणं आहे.

## शब्द थकले की खोलीचा सांगाडा द्या

इथून पुढे साध्या थ्रीडीची मदत लागते. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात चार भिंती, छिद्रांची जाळी, टेबल आणि सोफ्याच्या जागी एक खोका, एवढंच उभं करायचं. रंग, कापड, झाडं काही नको. ब्लेंडरच्या `Sun Position` या जोडणीत ठिकाण, तारीख आणि दशांश तासांतली वेळ, म्हणजे १२ वाजून १२ मिनिटांसाठी १२.२, भरली की सूर्य आपल्या जागी जाऊन बसतो.

```
Latitude   21.15
Longitude  79.09
UTC zone   +5.5
Date       21 December
Time       12.2
```

सूर्याच्या दिव्याचा `Angle` ०.५३ अंश ठेवला की कडांचा पुसटपणाही हिशोबाने येतो. स्केचअपमध्येही नागपूर निवडून सावल्या टाकता येतात, पण तिथे प्रत्येक सावलीची कड सारखीच धारदार असते. जागा बरोबर, धार खोटी, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

हे राखाडी चित्र एआयला आधार म्हणून द्यायचं. इथे एक चकवा आहे आणि बरेच जण त्यात सापडतात. एआयला खोलीचा आकार पक्का पाळायला लावण्यासाठी कंट्रोलनेट नावाचं तंत्र वापरतात. ते मूळ चित्रातून कधी अंतरांचा नकाशा घेतं, म्हणजे कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब, तर कधी सगळ्या कडांच्या रेघा घेतं. अंतरांच्या नकाशात कवडसा येत नाही, कारण उजेडाला जाडी नसते. मग भिंती जागच्या जागी राहतात आणि कवडसे पुन्हा मनमानी पडतात. रेघांच्या नकाशात कवडशाची कड येते, पण ती रेघ उजेडाची की फरशीची हे एआयला कळत नाही. ते फरशीत गोल गोल संगमरवर बसवून मोकळं होतं!

यातून वाट अशी. भिंतींसाठी अंतरांचा नकाशा द्यायचा, आणि शिवाय ब्लेंडरचं उजेडासकट चित्र मूळ चित्र म्हणून देऊन त्यावर हलकाच हात फिरवायला सांगायचं. किती बदल करायचा, याची पट्टी `Denoising strength` या नावाने असते. ०.३ ते ०.४ वर ठेवली तर पत्रा पत्र्यासारखा आणि लाकूड लाकडासारखं होतं, कवडसे जागेवर राहतात. ०.६-०.७ वर गेलात की एआय पुन्हा स्वतःच्या मर्जीचं ऊन पाडू लागतं.

याहून खात्रीची रीत मला स्वतःला जास्त आवडते. एआयकडून हीच खोली ढगाळ दिवसातली काढून घ्यायची, म्हणजे त्यात कवडसे नकोतच. फक्त ब्लेंडरमधले कवडसे वेगळे काढून फोटोशॉपसारख्या साधनात त्यावर बसवायचे. कॅमेरा दोन्हीकडे एकच असल्याने ते चपखल बसतात. सामानाचा देखणेपणा एआयचा, ऊन गणिताचं.

## हाती आलेलं चित्र कसं तपासायचं?

एक पट्टी घ्या. जाळीतली तीन छिद्रं निवडा, एक डावीकडचं, एक मधलं, एक उजवीकडचं. प्रत्येक छिद्रापासून त्याच्या कवडशापर्यंत रेघ ओढा आणि ती वर वाढवा. सूर्य जाळीमागे असेल तर या रेघा वर एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा, मग ती चौकटीच्या बाहेर का असेना. तीन रेघा तीन ठिकाणी गेल्या तर चित्रात तीन सूर्य आहेत.

कुठल्या छिद्राचा कवडसा कुठला हेच कळेना, तर तपासणी तिथेच संपली. खऱ्या उन्हात एका ओळीत बारा छिद्रं असतील तर कवडसेही बाराच पडतात. मग उंबऱ्याजवळ, टेबलाच्या काठावर, सतरंजीच्या घडीवर नजर टाका. कवडसा अशा ठिकाणी मोडला पाहिजे. तो न मोडता सरळ पुढे गेला असेल, तर तो उजेड नाही, चितारलेली नक्षी आहे. छतावर धारदार कवडसे तर नकोच. सूर्य खालून येत नाही. फरशीवरून परतलेला मऊ उजाळा तिथे दिसू शकतो, नक्षी नाही.

## "पण आम्हाला मे महिन्याचंच चित्र हवंय"

नागपूरकरांची ही मागणी रास्त आहे, कारण जाळी लावायची ती त्याच उन्हासाठी. फक्त भिंत बदला. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या जाळीत दोन मीटरवरच्या छिद्राचा कवडसा त्या वेळी जेमतेम आठ सेंटीमीटर आत येतो. म्हणून खोलीत पसरलेली नक्षी दाखवणारं मे महिन्यातल्या दुपारचं दक्षिणेचं चित्र टिकत नाही.

पश्चिमेची भिंत घ्या, संध्याकाळचे पाच. सूर्य साधारण २२ अंशांवर उतरलेला आणि पश्चिमेपासून बारा अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. आता एक मीटर उंचीच्या छिद्राचा कवडसा सव्वादोन मीटरच्याही पुढे पडतो आणि गोल छिद्राचा अंडाकार होतो, रुंदीच्या सुमारे अडीचपट लांब. दोन मीटरवरच्या छिद्राचा कवडसा चार मीटरच्या खोलीत जमिनीवर मावतच नाही, तो मागच्या भिंतीवर जमिनीपासून फूटभर वर चढतो. जाळीकडे तोंड करून पाहिलं तर सगळी नक्षी डावीकडे सरकलेली दिसते. साडेचार इंची विटांच्या जाळीतूनही या वेळी थोडं ऊन आत येतं, कारण किरणं आडवी झालेली असतात.

प्रॉम्प्टमध्ये हे सगळं येतं: लांबट ठिपके, डावीकडे झुकलेले, मागच्या भिंतीच्या तळाशी चढलेले. आणि मालकांना हेही सांगायला हवं की चित्रात ही नक्षी जितकी देखणी दिसते, तितकं ऊन त्या संध्याकाळी मागच्या भिंतीपर्यंत पोचलेलं असतं. कूलर कुठे लावायचा ते त्यावरून ठरवा.

## "बाहेरून घर आणि आतली नक्षी, दोन्ही एकाच चित्रात नाही का येणार?"

दिवसा नाही. बाहेर लख्ख ऊन असताना छिद्रं रस्त्यावरून काळीच दिसतात, म्हणून तर आतलं कुणाला दिसत नाही. बाहेरच्या चित्रात आतली फरशी चमकताना दिसली तर एआयने खोलीत दिवे लावलेत असं समजा. दोन चित्रं मागा, एक बाहेरचं, एक आतलं, आणि दोन्हींवर तारीख-वेळ एकच लिहून घ्या. एकाच चित्रात दोन्ही हवं असेल तर घर मधोमध कापून दाखवणारं सेक्शनचं चित्र काढायला सांगा. ते मात्र ब्लेंडरमधूनच काढून घ्यावं लागतं. नुसत्या प्रॉम्प्टवर एआय कापलेल्या भिंतीची जाडी आणि जाळीची जाडी एकच करून टाकतं, आणि मग छिद्रात किरण किती अडेल हा हिशोबच उरत नाही.